कडेवरून घसरणारी साखळी : सूत्र कुठवर चालतं?

अकरावी-बारावीच्या सराव पुस्तकांत एक गणित हमखास भेटतं. गुळगुळीत टेबलावर L लांबीची एकसारखी साखळी सरळ ठेवलेली असते आणि तिचा एक तृतीयांश भाग कडेवरून खाली लटकत असतो. हा लटकता भाग वर ओढून घ्यायला किती कार्य करावं लागेल, एवढंच विचारलेलं असतं. उत्तर MgL/18 येतं आणि विद्यार्थी पुढच्या गणिताकडे वळतो. साखळी वर न ओढता सोडून दिली तर काय होईल, हा प्रश्न कधी विचारला जातो, कधी नाही. विचारला तर उत्तर एका ओळीत मिळतं: लटकता भाग जितका जास्त, तितकं त्वरण जास्त.

ही ओळ बरोबर आहे, पण काही अटींवर. साखळी टेबलावर ताणून सरळ ठेवलेली असली पाहिजे, टेबलाला घर्षण नसलं पाहिजे आणि कड साखळीला निमूटपणे खाली वळवत राहिली पाहिजे. यातल्या शेवटच्या अटीकडे फारसं कोणी पाहत नाही आणि नेमकी तीच अर्ध्या वाटेवर मोडते. या लेखात आधी सरळ हिशेब मांडू आणि मग या अटी एकेक करून काढून पाहू.

एका ओळीचा हिशेब

साखळीच्या दर मीटरचं वस्तुमान λ धरू आणि एखाद्या क्षणी x इतकी लांबी लटकते आहे असं समजू. साखळीला ओढतं ते फक्त लटकत्या भागाचं वजन, म्हणजे λxg. टेबलावरच्या भागाचं वजन टेबल पेलतं, त्यामुळे गतीला त्याची मदत होत नाही. मात्र हलायचं असतं ते अख्ख्या साखळीला. साखळी ताठ असल्याने टेबलावरचा शेवटचा दुवा आणि खाली लोंबणारा पहिला दुवा एकाच वेगाने सरकतात. म्हणून वस्तुमान λL धरायचं आणि त्वरण मिळतं:

a = gx/L

λ दोन्हीकडून निघून जातो. साखळी लोखंडाची असो वा सोन्याची, जाड असो वा बारीक, त्वरणात फरक पडत नाही. साखळी सरकते तसा सूत्रातला फक्त अंश वाढतो, छेद आहे तिथेच राहतो. एक मीटर साखळीचे १० सेंटिमीटर लटकत असतील तर त्वरण g चा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.९८ मीटर प्रतिसेकंद वर्ग. २० सेंटिमीटरला ते दुप्पट होतं. शेवटचा दुवा कडेवर पोचतो तेव्हा ते पूर्ण g होतं आणि तिथून पुढे साखळी मोकळी पडते.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक वस्तुमानात होते. लटकत्या भागाचं वजन घेतलं की वस्तुमानही त्याच भागाचं घेतलं जातं आणि त्वरण सुरुवातीपासूनच g येतं. ही चूक ताणावरून पकडता येते. लटकता भाग खरंच g ने खाली जात असता तर त्याच्या वरच्या टोकाला ताण शून्य राहिला असता. मग टेबलावरच्या भागाला कोण ओढतं, याचं उत्तर उरलं नसतं. कडेपाशी खरा ताण T = λgx(1 − x/L) इतका असतो. काही लटकत नसेल तेव्हा तो शून्य असतो आणि सगळी साखळी लटकली की पुन्हा शून्य होतो. बरोबर मध्यावर तो सर्वांत जास्त, म्हणजे साखळीच्या एकूण वजनाच्या एक चतुर्थांश असतो. पुढे कडेचा विचार करताना हाच ताण कामी येणार आहे.

वाढीचा वेग

त्वरण लांबीबरोबर वाढतं आणि लांबी त्वरणामुळे वाढते. दोन्ही एकमेकांना पुढे ढकलतात, म्हणून ही वाढ घातांकी होते. साखळी x₀ इतकी लटकवून स्थिर सोडली तर x = x₀ cosh(t/τ), आणि त्यात τ = √(L/g). एक मीटर साखळीसाठी τ सुमारे ०.३२ सेकंद येतो. एक मीटर लांबीच्या साध्या लंबकाचा आवर्तकाल याच τ च्या 2π पट, म्हणजे सुमारे दोन सेकंद असतो. दोन्ही समीकरणांत फरक आहे तो फक्त चिन्हाचा. लंबकाला जितकं दूर न्यावं तितक्या जोराने तो मागे खेचला जातो. साखळी जितकी पुढे जाते तितक्या जोराने ती आणखी पुढे ओढली जाते.

१० सेंटिमीटर लटकवून एक मीटर साखळी सोडली, घर्षण शून्य धरलं, तर लटकता भाग १० चा २० व्हायला ०.४२ सेकंद लागतात. २० चे ४० व्हायला ०.२४ आणि ४० चे ८० व्हायला ०.२३ सेकंद. उरलेले २० सेंटिमीटर अवघ्या ०.०७ सेकंदात संपतात. सगळं मिळून ०.९६ सेकंद. पहिल्या दुपटीला जास्त वेळ लागतो, कारण साखळी स्थिरावस्थेतून निघते. एकदा गती धरली की दर ०.२२ सेकंदांच्या आसपास लांबी दुप्पट होते. डोळ्याला मात्र साखळी बराच वेळ रेंगाळली आणि मग एकदम निसटली, असंच वाटतं.

शेवटचा वेग ऊर्जेच्या हिशेबाने चटकन मिळतो. सूत्र v² = g(x² − x₀²)/L असं आहे आणि वरच्या उदाहरणात साखळी पूर्ण सुटताना तो ३.११ मीटर प्रतिसेकंद येतो. इथे एक सापळा आहे. सुरुवातीचं त्वरण ०.९८ आणि शेवटचं ९.८, त्यांची सरासरी ५.३९. ही सरासरी घेऊन v² = 2as मांडलं, तर ९० सेंटिमीटरनंतरचा वेग ३.११ येतो आणि तो अगदी बरोबर आहे. मग त्याच सरासरीने वेळ काढायचा मोह होतो आणि तो ०.५८ सेकंद येतो. खरा वेळ त्याच्या दीडपटीहून जास्त आहे. कारण त्वरण अंतराच्या प्रमाणात सरळ वाढतं, वेळेच्या प्रमाणात नाही. अंतरावर काढलेली सरासरी कार्याच्या, म्हणून वेगाच्या हिशेबात चालते. वेळेच्या हिशेबात ती फसवते, कारण साखळीचा बराचसा वेळ कमी त्वरणाच्या भागातच जातो.

गॅलिलिओचा सोडून दिलेला नियम

x₀ अगदी लहान असेल तर वेगाचं सूत्र आणखी सोपं होतं: v = x/τ. म्हणजे वेग हा लटकत्या लांबीच्या सरळ प्रमाणात. १६०४ साली पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूबद्दल असंच म्हटलं होतं, की वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. १६३८ च्या ‘दोन नव्या विज्ञानांविषयीचे संवाद’ या ग्रंथात त्याने ही कल्पना टाकून दिली आणि वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो, हा नियम पक्का केला. पडणाऱ्या दगडासाठी चुकीचा ठरलेला तो पहिला नियम घसरणाऱ्या साखळीला मात्र जवळजवळ नेमका लागू पडतो.

तो दगडाला का लागू पडत नाही, हेही साखळीवरूनच कळतं. वेग अंतराच्या प्रमाणात असेल, तर अंतर शून्य असताना वेगही शून्य आणि त्वरणही शून्य. अशी वस्तू कधी निघणारच नाही. हातातून सोडलेला दगड लगेच निघतो. साखळीचा एकही दुवा लटकत नसेल तर ती खरोखरच जागची हलत नाही. आणि थोडी लटकत असेल तर निघायला लागणारा वेळ फार हळू वाढतो: x₀ दहापट कमी केला की एकूण वेळात ०.७४ सेकंदांची भर पडते. १ सेंटिमीटरपासून निघालेली आदर्श साखळी १.६९ सेकंदांत सुटते, १ मिलिमीटरपासून निघालेली २.४३ सेकंदांत. एक मायक्रॉन लटकवली तरी साडेचार सेकंदांच्या थोडं पुढे गोष्ट संपते. सुटतानाचा वेग या तिन्ही वेळा जवळपास सारखाच असतो.

घर्षण आलं की

खऱ्या टेबलावर एक मायक्रॉन लटकणारी साखळी अर्थातच हलत नाही. टेबलावरचा भाग L − x इतका आहे आणि घर्षणांक μ आहे, तर मागे ओढणारं बल μλg(L − x) होतं. साखळी सुटायची तर लटकत्या भागाचं वजन याहून जास्त हवं. त्यावरून सीमा मिळते: x = μL/(1 + μ). एक मीटर साखळी २० सेंटिमीटर लटकल्यावर सुटत असेल, तर घर्षणांक २० भागिले ८०, म्हणजे ०.२५. तराजू नको, स्प्रिंगकाटा नको, फक्त पट्टी पुरते. म्हणून प्रयोगशाळेत ही पद्धत आवडती आहे.

पण ती जरा जास्त उत्तर देते. साखळी कडेवरून वळते तिथेही ती कडेला घासते आणि ते घासणं ताणाच्या पटीत असतं. खुंटीला दोर गुंडाळला की धरून ठेवणं सोपं जातं, त्यामागे हाच नियम आहे. ९० अंशांच्या वळणाला ताण e^(μπ/2) पटीने बदलू शकतो. हा गुणक धरून तोच २०-८० चा हिशेब पुन्हा केला, तर घर्षणांक ०.२५ नाही, ०.१९ च्या आसपास येतो. फरक जवळपास पाव हिश्शाचा आहे. कडेवर हलकी फिरकी बसवली, तरच आधीचा साधा हिशेब विश्वासाचा होतो.

फिरकी बसवली आहे असं धरून पुढे जाऊ. साखळी सुटली की स्थितिक घर्षणाची जागा गतिक घर्षण घेतं आणि ते सहसा कमी असतं. ते ०.२० समजू. त्वरणाचं नवं सूत्र असं:

a = (g/L)[(1 + μ)x − μL]

आता त्वरण लटकत्या लांबीच्या प्रमाणात नाही, पण तिच्याबरोबर सरळ रेषेतच वाढतं. रेषा उजवीकडे सरकली आहे आणि जास्त उभी झाली आहे. उभी झाली हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं: घर्षण असताना त्वरण जास्त झपाट्याने कसं वाढेल? कारण साधं आहे. प्रत्येक दुवा कडेवरून खाली उतरला की ओढणाऱ्या बाजूला एकाची भर पडते आणि त्याच वेळी अडवणाऱ्या बाजूचाही एक कमी होतो. त्वरण प्रत्येक क्षणी बिनघर्षणाच्या साखळीपेक्षा कमीच असतं, पण मधलं अंतर सतत घटत जातं आणि शेवटच्या दुव्यापाशी दोन्ही रेषा g वर मिळतात.

२० सेंटिमीटरवरून निघालेल्या या साखळीचं पहिलं त्वरण फक्त ०.३९ आहे. बिनघर्षणाच्या साखळीचं तिथेच १.९६ असतं. पूर्ण घसरायला तिला ०.७३ ऐवजी १.१४ सेकंद लागतात. सुटतानाचा वेग मात्र ३.०७ वरून २.८६ वर, म्हणजे फार थोडा उतरतो. घर्षणाची किंमत साखळी मुख्यतः वेळेत मोजते, कारण ते जास्त असतं तेव्हा ती हळू चाललेली असते.

अर्ध्या वाटेवरची कड

इथवरच्या दुरुस्त्या सूत्राच्या पोटातल्या होत्या. आता येते ती सूत्रच मोडणारी गोष्ट. पुन्हा बिनघर्षणाचं टेबल घेऊ, त्यावर एक मीटर लांब, १०० ग्रॅम वजनाची साखळी १० सेंटिमीटर लटकवू आणि फक्त टेबलावरच्या भागाच्या आडव्या संवेगाकडे लक्ष ठेवू. लटकता भाग सरळ खाली जातो, म्हणून त्याचा आडवा संवेग शून्य.

लटकता भाग ३० सेंटिमीटर झाला की वेग ०.८९ मीटर प्रतिसेकंद असतो आणि टेबलावर ७० ग्रॅम साखळी उरते. आडवा संवेग झाला ०.०६२ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ५१ सेंटिमीटरला वेग १.५७ आणि उरलेले ४९ ग्रॅम, म्हणजे संवेग ०.०७७. ८० सेंटिमीटरला वेग २.४८ आणि टेबलावर फक्त २० ग्रॅम. संवेग ०.०५०. म्हणजे तो आधी वाढला, ५१ सेंटिमीटरच्या आसपास कळसाला पोचला आणि मग उतरू लागला.

साखळीला आडवं बल देणारं एकच ठिकाण आहे, ते म्हणजे कड. टेबल गुळगुळीत आहे आणि गुरुत्व सरळ खाली ओढतं. कड साखळीला फक्त बाहेर ढकलू शकते, आत ओढू शकत नाही, कारण साखळी तिला चिकटवलेली नाही. म्हणून आडवा संवेग वाढू शकतो, कमी होऊ शकत नाही. a = gx/L हे सूत्र ५१ सेंटिमीटरनंतर कडेकडून अशी मागणी करतं, जी ती पुरी करू शकत नाही. त्या क्षणी साखळी कडेपासून सुटते. टेबलावरचा भाग पूर्वीसारखा ९० अंशांत न वळता कडेच्या पलीकडे जरा पुढे जातो, हवेत कमान करतो आणि मग खाली येतो.

हीच गोष्ट ताणाच्या भाषेत मांडता येते. वळणावरच्या दुव्यांना वळवायला λv² इतका ताण लागतो. असलेला ताण त्याहून जास्त असेल तोवर साखळी कडेवर दाबून बसते. दोन्ही समान झाले की दाब संपतो. ताण मध्यावर कळसाला पोचून उतरायला लागतो आणि वेग तर वाढतच असतो, म्हणून ही भेट मध्याच्या थोडी पुढे होते. नेमकी जागा x = [L + √(L² + 8x₀²)]/4. x₀ फार लहान असेल तर ती L/2 ला टेकते. घर्षण असेल तर साखळी सावकाश चाललेली असल्याने ती उशिरा सुटते. आधीच्या २० सेंटिमीटरच्या उदाहरणात घर्षणाविना ही जागा ५४ सेंटिमीटरला येते आणि घर्षण धरून ६४-६५ ला.

ही मर्यादा जाणकारांना ठाऊक आहे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये १९८२ साली प्राटो आणि ग्लायझर यांनी गुळगुळीत टेबलाच्या कडेवरून घसरणाऱ्या दोरीच्या या जुन्या उदाहरणाकडे पुन्हा पाहिलं. पाठ्यपुस्तकांत मात्र आकृतीतली साखळी शेवटपर्यंत काटकोनात वळत राहते. क्वचित एखाद्या आकृतीत कडेवर वाकवलेली नळी दाखवलेली असते. ती सजावट नाही. नळीची बाहेरची भिंत साखळीला आत दाबते, आडवा संवेग कमी करते आणि सूत्र शेवटच्या दुव्यापर्यंत खरं ठेवते. नळी नसेल तर सूत्राला वेळेच्या हिशेबात फार तोटा होत नाही: ०.९६ पैकी पहिले ०.७४ सेकंद ते चालतं. लांबीच्या हिशेबात मात्र ते निम्म्यावरच थांबतं.

ढीग करून ठेवली तर

आता उरलेली अट काढू. साखळी सरळ न ठेवता कडेपाशी तिचा ढीग केला आणि एक टोक खाली सोडलं. इथे हलतो तो फक्त लटकता भाग. ढिगातला प्रत्येक दुवा आपली पाळी येईपर्यंत स्थिर असतो आणि मग झटक्यात पूर्ण वेग घेतो. १८५७ साली आर्थर केली यांनी रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये या प्रकारची गणितं मांडली. त्यात समीकरण d(xv)/dt = gx असं येतं आणि जवळपास शून्य लांबीपासून निघालेल्या साखळीचं त्वरण g/3 इतकं, आणि स्थिर राहतं. लांबी कितीही वाढो, त्वरण वाढत नाही.

दोन्ही मांडण्या १० सेंटिमीटरपासून सोडल्या तर फरक उठून दिसतो. सरळ साखळी g/10 पासून निघून g पर्यंत चढते. ढिगातली साखळी g पासून निघते, कारण सुरुवातीला लटकता भाग स्वतःचंच वजन हलवतो, आणि पुढे तिचं त्वरण उतरत g/3 कडे जातं. एक मीटर लटकेपर्यंत पहिलीचा वेग ३.११ होतो, दुसरीचा २.५५. दुसरीची जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा झटक्यांत खर्च झालेली असते. सरळ साखळीत झटके नसतात, सगळे दुवे आधीपासून एकाच वेगाने चालतात, म्हणून तिथे ऊर्जा वाचते.

ढिगाच्या बाबतीत केली यांचा शब्द अखेरचा ठरला नाही. वाँग आणि यासुई यांनी २००६ मध्ये ऊर्जा वाया न जाणारी मांडणी पुढे केली. तिच्यात त्वरण g/2 येतं. २०१३ मध्ये स्टीव्ह मोल्ड यांच्या चित्रफितीतून मण्यांच्या साखळीचं कारंजं घराघरांत पोचलं: भांड्यातून ओढली जाणारी साखळी काठावरून वर उसळून मग खाली येते. पुढच्याच वर्षी बिगिन्स आणि वॉर्नर यांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं. दुवा एका टोकाने उचलला जातो तेव्हा त्याचं दुसरं टोक खालच्या ढिगावर दाबतं आणि ढीग त्याला उलट वर ढकलतो. म्हणून उत्तर g/3 आणि g/2 यांच्यामध्ये कुठेतरी, दुव्याच्या आकारावर आणि कडकपणावर अवलंबून. सरळ साखळीच्या सूत्रात दुव्याचा आकार येतच नाही, तिथे हा वाद उभाच राहत नाही.

घरच्या प्रयोगात या दोन्हींची सरमिसळ होते. साखळी टेबलावर थोडी नागमोडी पडली असेल तर सैल भाग ताणला जाईपर्यंत तो ढिगासारखा वागतो. सोडण्याआधी शेपटीचं टोक हलकेच मागे ओढून साखळी ताठ केली की हा दोष जातो.

मोजून पाहायचं तर

मोबाइलचा सेकंदाला २४० चौकटींचा संथ चित्रीकरण पर्याय पुरेसा आहे. एक सेकंदाच्या आसपासच्या घसरणीत दोनशेहून जास्त चौकटी मिळतात. टेबलाच्या उंचीकडे मात्र आधी पाहावं. नेहमीचं टेबल ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे एक मीटर साखळीचं खालचं टोक शेवटाआधीच जमिनीला टेकतं. तिथून लटकता भाग टेबलाच्या उंचीइतकाच, म्हणजे h राहतो. टेबलावर r उरली असेल तर त्वरण gh/(r + h) होतं. जमिनीवरच्या टकरीचा परिणाम सोडला, तर ते तरीही वाढतच g कडे जातं. पण आता अंश वाढत नाही, छेद घटत जातो.

सर्वांत जास्त गडबड सोडण्याच्या क्षणी होते. बोट उचलताना साखळीला नुसता १० सेंटिमीटर प्रतिसेकंद वेग मिळाला, तरी १० सेंटिमीटरवरून निघालेल्या साखळीचा एकूण वेळ ०.९६ वरून ०.८७ सेकंदांवर येतो. घातांकी वाढ सुरुवातीची लहान चूकही मोठी करते. शेपटीला दोरा बांधून तो जाळणं हा जुना उपाय आजही चालतो. त्याहून पक्का उपाय आलेखात आहे. वेळेवर भरवसा न ठेवता v² आणि x² यांचा आलेख काढावा. सुरुवातीचा धक्का त्या रेषेला फक्त वर सरकवतो, तिचा उतार g/L तसाच राहतो. एक मीटरसाठी तो ९.८ यायला हवा.

आलेख काय बिघडलं तेही सांगतो. रेषा सुरुवातीला वाकडी दिसली तर घर्षण आहे. तेव्हा त्वरण आणि x यांचा आलेख काढला की रेषा शून्याला छेदते त्या जागेवरून गतिक घर्षणांक मिळतो. रेषा मध्यापर्यंत नीट चालून मग सूत्रापासून दूर गेली तर ती कडेची सुटका आहे आणि चित्रफितीत त्याच चौकटींत साखळी आणि कड यांच्यामध्ये फट दिसायला हवी. फट दिसत नसेल आणि उतार सुरुवातीपासूनच कमी असेल तर साखळी सैल ठेवली होती.

गणित सोडवताना किंवा शिकवताना वापरायचा निर्णय यातून निघतो. साखळी सरळ ठेवलेली आणि टेबल गुळगुळीत असेल तर a = gx/L निर्धास्तपणे लिहावं. लटकता भाग निम्म्याच्या पुढे जाणार असेल तर आकृतीत कडेवर नळी किंवा वाट आहे का ते पाहावं, आणि नसेल तर ‘कडेवर मार्गदर्शक नळी आहे’ हे वाक्य प्रश्नातच घालावं. साखळी ढिगात असेल तर हे सूत्र वापरूच नये, g/3 पासून सुरुवात करावी आणि दुवे कसे आहेत ते विचारावं.